‘तारा’ कादंबरी आणि दोन वर्षांचे अंतर

ऐतिहासिक कादंबरीत लेखकाने सत्याचा विपर्यास केला, ही तक्रार आपल्याकडे वारंवार ऐकू येते. तिला मिळणारे उत्तरही ठरलेले असते: कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. तक्रार आणि उत्तर ही दोन्ही आम्हांला अपुरी वाटतात. कोणता तपशील हलला, तो हलवल्याने कथेला काय लाभले आणि आजूबाजूच्या किती गोष्टींना त्याचा धक्का बसला, हे पाहिल्याखेरीज असा वाद पुढे सरकत नाही. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरशी जडलेली एक कादंबरी या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

ती कादंबरी म्हणजे कॅप्टन फिलिप मेडोज टेलर याची इंग्रजी ‘तारा’. ती १८६३ साली प्रसिद्ध झाली. टेलर हा निजामाच्या सेवेतला इंग्रज अधिकारी. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, तेव्हा या पश्चिमेकडील भागाचा कारभार टेलरकडे आला. १८५७ पर्यंत त्याचे ठाणे नळदुर्गास होते. तुळजापूर त्याच्याच अंमलाखाली होते. त्यामुळे बालाघाटाच्या कड्याशी वसलेले हे गाव, पायऱ्यांनी खाली उतरत जाणारी देवळाची वाट, यात्रेकरू आणि पुजारी हे सारे त्याने डोळ्यांनी पाहिलेले होते. दूर लंडनमध्ये बसून रचलेला हा देखावा नव्हे, एवढे श्रेय त्याला द्यावे लागते.

कथा अशी. तुळजापूरच्या एका शास्त्र्याची मुलगी तारा बालविधवा आहे. अफझलखानाची स्वारी तुळजापुरावर येते, देऊळ लुटले जाते, ताराची ताटातूट होते. पुढे तिच्यावर सती जाण्याचा प्रसंग येतो. अफझलखानाचा मुलगा फाजलखान तिला वाचवतो आणि अखेर त्या दोघांचा विवाह होतो. त्यासोबत विजापूर दरबारातील एक धागा चालतो. वजीर खानमहंमद याची मोगलांशी गुप्त संधाने आणि त्याचा शेवट हा त्या धाग्याचा विषय. हे सारे १६५७ साली घडते असे टेलर दाखवतो.

येथेच पहिली अडचण उभी राहते. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला तो १० नोव्हेंबर १६५९ रोजी. दोन वर्षे म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. सनावळीच्या यादीत ती खरोखरच मोठी नाहीत. परंतु त्या दोन वर्षांत दख्खनचा सारा पट बदलला होता. १६५७ साली औरंगजेब दख्खनच्या सुभ्यावर होता आणि आदिलशाही त्याच्या तडाख्यात सापडली होती. त्या वर्षी बीदर पडले, मागोमाग कल्याणी पडली. ही कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, उमरग्यापासून फार दूर नाही. तहात आदिलशहाला बीदर-कल्याणीबरोबर परंडा देण्याचेही कबूल करावे लागले, आणि परंडा तर आजच्या धाराशिव जिल्ह्यातच आहे. घराला अशी आग लागलेली असताना विजापूरकर शिवाजी महाराजांवर मोठी फौज कोठून धाडणार? उलट मोगल आणि विजापूरकर परस्परांत गुंतले आहेत ही संधी साधून महाराजांनीच त्या वर्षी मोगलांच्या जुन्नरवर छापा घातला, आणि पुढे वर्ष सरण्यापूर्वी कल्याण-भिवंडी घेतली.

पुढे शाहजहान आजारी पडला. गादीसाठी लढायला औरंगजेब उत्तरेकडे गेला, आणि विजापूरच्या छातीवरचे ओझे उतरले. तेव्हा कोठे अफझलखानाची मोहीम शक्य झाली. म्हणजे खानाची स्वारी १६५९ मध्येच का निघाली याला कारण आहे. साल हलवले की ते कारण नाहीसे होते आणि स्वारी केवळ एका सरदाराच्या रागालोभाची गोष्ट होऊन बसते. तपशील चुकला की नाही यापेक्षा कार्यकारणाची साखळी तुटली की नाही, हे विचारणे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

मग टेलरने असे का केले? एक कारण कथेतले आहे. वजीर खानमहंमदाचा खून इतिहासात १६५७ मध्येच झाला. दरबारातील कट आणि रणांगणातील घात एकाच कथेत गुंफायचे तर दोहोंपैकी एक घटना सरकवणे भाग होते. कादंबरीकार असे नेहमी करतात. त्यात वावगे मानण्याचे कारण नाही.

दुसरे कारण कथेच्या बाहेरचे आहे. ‘तारा’ हा तीन कादंबऱ्यांतील पहिला भाग. १८६५ च्या ‘राल्फ डार्नेल’मध्ये प्लासीचा काळ आहे, १८७२ च्या ‘सीता’मध्ये उठावाचा. मराठ्यांचा उदय १६५७, इंग्रजी सत्तेचा उदय १७५७ आणि उठाव १८५७, अशी शंभर-शंभर वर्षांची योजना टेलरने स्वतःच सांगून ठेवली आहे. यांतील १७५७ आणि १८५७ यांना हात लावण्याची गरज नव्हती. हलवावा लागला तो पहिलाच दगड. मराठ्यांच्या उदयाचे साल म्हणून १६५६ ची जावळी घेता आली असती, १६५९ घेता आले असते, किंवा १६७४ चा राज्याभिषेकही. १६५७ मध्ये जुन्नर होते, परंतु त्या छाप्याला प्रतापगडाचे नाट्य नव्हते.

तपासाची एक साधी रीत आम्ही सुचवू. हललेली घटना मनाने मूळ जागी ठेवून पाहावी. खानाचा वध १६५९ मध्ये नेला तर ताराचे दुःख, तिची सुटका, तिचा विवाह यांत तसूभरही फरक पडत नाही. वजिराचा धागा मात्र सैल होतो. आणि शतकांची योजना तर पूर्ण कोसळते. ही योजना वाचकाच्या मनात काय रुजवते तेही पाहावे: हिंदुस्थानात दर शंभर वर्षांनी सत्तेचे चक्र फिरते आणि इंग्रजांचे येणे त्या चक्रातील एक ठरलेला फेरा आहे. ही गोष्ट कोणी पात्र बोलत नाही, ती साल बोलते. म्हणून पात्रांच्या कल्पितापेक्षा हे साल आम्हांला अधिक खटकते.

तुळजापूरच्या देवळाचा प्रश्न मात्र निराळा. खानाने भवानीची मूर्ती फोडली असे सभासद बखर म्हणते. ही बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस लिहिली गेली, म्हणजे घटनेनंतर तीसहून अधिक वर्षांनी. मूर्ती आधीच हलवली होती अशीही परंपरा आहे. देवीची मूर्ती चल आहे, वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून काढून पलंगावर निद्रेसाठी नेतात. त्यामुळे या परंपरेला निदान अशक्य तरी म्हणता येत नाही. शिवाय विजापुराहून वाईकडे निघालेल्या फौजेला तुळजापूर हे वाटेवरचे गाव नव्हे. वाई वायव्येस, तुळजापूर जवळजवळ सरळ उत्तरेस. खान तेथे गेला असेल तर मुद्दाम गेला. साधनेच जेथे एकमत नाहीत तेथे कादंबरीकाराने एक बाजू घेतली, तर त्याला विपर्यास म्हणणे न्याय्य नाही. त्याने कोणती बाजू घेतली एवढे सांगावे.

उरले ताराचे आणि फाजलखानाचे लग्न. फाजलखान खरा होता. प्रतापगडाहून तो निसटला आणि पुढे सिद्दी जौहरबरोबर पन्हाळ्याच्या वेढ्यात दिसतो. ते लग्न सर्वस्वी कल्पित आहे. परंतु त्याने इतिहासातील एकही दुवा तुटत नाही, आणि त्याचा रोख सतराव्या शतकाकडे नाहीच. सतीबंदीचा कायदा १८२९ चा, विधवाविवाहाचा १८५६ चा. हा दुसरा कायदा झाला तेव्हा टेलर नळदुर्गास होता. ताराच्या तोंडून त्याच्याच काळाचा प्रश्न बोलतो. मात्र त्याने सुचवलेला मार्ग न्याहाळण्यासारखा आहे. ‘सीता’मध्येही नायिका हिंदू विधवाच आहे आणि ती लग्न करते ते सिरिल ब्रँडन या इंग्रज अधिकाऱ्याशी. दोन्ही कादंबऱ्यांत विधवेला हात देणारा पुरुष तिच्या समाजातला नाही, तो राज्यकर्त्यांपैकी आहे.