निदान प्रयोगशाळेतील जैववैद्यकीय कचऱ्याचे वर्गीकरण व सांडलेल्या नमुन्याची हाताळणी

निदान प्रयोगशाळेत दाखल होणाऱ्या नव्या प्रशिक्षणार्थींना, म्हणजेच इंटर्नना, कामाच्या आरंभी कचऱ्याचे वर्गीकरण आणि सांडलेल्या रक्ताची वा अन्य नमुन्यांची विल्हेवाट यांविषयी प्रशिक्षण दिले जाते. भारतात याचा आधार जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे आहेत. १९९८ सालच्या नियमांच्या जागी ते आले व पुढे त्यांत दुरुस्त्या झाल्या. कर्मचाऱ्यास रुजू होताना आणि त्यानंतर दरवर्षी प्रशिक्षण देणे, तसेच हिपॅटायटिस-बी व धनुर्वात यांविरुद्ध लसीकरण करणे ही नियमांनुसार संस्थेची जबाबदारी आहे.

वर्गीकरण

कचरा जेथे निर्माण होतो तेथेच तो वेगळा करावयाचा असतो. एका पिशवीत एकत्र टाकून नंतर निवडणे या पद्धतीस नियमांत स्थान नाही, कारण निवडणाऱ्याच्या हाताला सुई टोचण्याचा धोका त्यातूनच उद्भवतो. नियमांनी चार रंग ठरविले आहेत. रंग पदार्थाच्या घाणेरडेपणावरून ठरत नाही. त्या वस्तूवर पुढे कोणती प्रक्रिया होणार आहे यावरून ठरतो. हे एकदा ध्यानात आले की रंग पाठ करण्याची गरज बरीच कमी होते. पिवळ्या पिशवीतील वस्तू प्रामुख्याने जाळल्या जातात, लाल पिशवीतील प्लास्टिक निर्जंतुक करून तुकडे करून पुनर्वापरास पाठविले जाते, पांढऱ्या डब्यातील सुया व पाती निर्जंतुक करून नष्ट केल्या जातात, आणि निळ्या डब्यातील काच निर्जंतुकीकरणानंतर पुनर्वापरास जाते.

रक्त घेण्याच्या टेबलावरील एकाच रुग्णाचे साहित्य घेतले तरी चारही डबे लागू शकतात. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो. सुई टोपण न लावता थेट पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात टाकतात. हा डबा न टोचणारा, न गळणारा असावा लागतो व तीनचतुर्थांश भरताच बंद करतात. सुईविना सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत जातात. औषधाची फुटलेली काचेची कुपी निळ्या डब्यात जाते. सुईला दोन्ही हातांनी टोपण परत बसविणे ही सवय अनेक प्रशिक्षणार्थी बाहेरून शिकून येतात, आणि ती मोडणे हेच प्रशिक्षकाचे खरे काम असते.

सूक्ष्मजीवशास्त्र विभागातील संवर्धने, रक्तपिशव्या आणि तपासणीनंतर उरलेले नमुने यांचा प्रकार वेगळा आहे. ते प्रयोगशाळेच्या बाहेर पडण्यापूर्वी तेथेच पूर्वप्रक्रियेने निर्जंतुक करावे लागतात. यासाठी सामान्यतः ऑटोक्लेव्ह वापरतात. हायपोक्लोराइटमध्ये बुडविलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये, कारण उष्णतेने क्लोरीनयुक्त वायू बाहेर पडतो. प्रक्रिया न झालेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठवून ठेवता येत नाही.

जंतुनाशक द्रावणाची तयारी

सांडलेल्या रक्तासाठी सामान्यतः १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. बाजारातील द्रावण ५ टक्क्यांचे असेल, तर एका भागात चार भाग पाणी मिसळावे. म्हणजे १ लिटर द्रावणासाठी २०० मिलिलिटर मूळ द्रावण व ८०० मिलिलिटर पाणी. ‘एकास पाच’ असे ऐकून पाच भाग पाणी घालण्याची चूक सर्रास होते. तसे केल्यास तीव्रता सुमारे ०.८ टक्के उरते. मूळ द्रावणही प्रकाश व उष्णतेने दुबळे होत जाते, म्हणून ते गडद रंगाच्या बाटलीत ठेवतात, पातळ केलेले द्रावण रोज नवे करतात आणि बाटलीवर तयारीची तारीख लिहितात. वास येतो म्हणजे द्रावण चांगले, हा निकष विश्वसनीय नाही. क्लोरीन मोजणाऱ्या पट्टीने तपासणे अधिक योग्य.

हायपोक्लोराइट आम्लात मिसळू नये. जनुकीय तपासण्यांच्या विभागात ज्या द्रावणांत ग्वानिडीन थायोसायनेट असते, त्यांवर ते मुळीच ओतू नये, कारण त्या अभिक्रियेतून विषारी वायू निघतात.

सांडलेल्या रक्ताचे उदाहरण

समजा, ४ मिलिलिटर रक्ताची काचेची नळी हातातून निसटून फरशीवर फुटली. प्रशिक्षणार्थीची पहिली प्रतिक्रिया वाकून पुसण्याची असते. तीच टाळावयाची आहे. प्रथम इतरांना थांबवून ती जागा मोकळी करावी व स्वतःच्या कपड्यांवर, पादत्राणांवर थेंब उडाले आहेत का ते पाहावे. त्यानंतर सांडण-संचातील हातमोजे, मुखपट्टी, डोळ्यांवरील संरक्षक चष्मा व एप्रन चढवावेत.

रक्तावर शोषक कागद पसरवून ते पूर्ण झाकावे. मग कागदावर द्रावण कडेपासून मध्याकडे ओतावे. उघड्या रक्तावर थेट ओतल्यास ते उडते व पसरते, आणि मध्यापासून ओतल्यास रक्त बाहेरच्या बाजूस ढकलले जाते. कागदाच्या कडा कोरड्या राहिल्या, तर द्रावण कमी पडले असे समजावे. कागद ३० मिनिटे भिजत ठेवावा. रक्तातील प्रथिने क्लोरीनचा काही भाग खर्ची घालतात, त्यामुळे घाईने दोन मिनिटांत पुसलेली जागा स्वच्छ दिसते, पण निर्जंतुक असेलच असे नाही.

वेळ पूर्ण झाल्यावर काचेचे तुकडे चिमट्याने उचलून निळ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकावेत. हाताने उचलू नयेत, हातमोजे घातले असले तरीही. भिजलेला कागद पिवळ्या पिशवीत जातो. तीच जागा पुन्हा द्रावणाने व नंतर पाण्याने पुसावी. फरशीच्या सांध्यात काळसर डाग उरला असल्यास सारी क्रिया पुन्हा करावी. शेवटी हातमोजे काढून लाल पिशवीत टाकावेत व साबणाने हात धुवावेत. नळी प्लास्टिकची असती, तर तिचे तुकडे लाल पिशवीत गेले असते.

धातूच्या पृष्ठभागावर हायपोक्लोराइट गंज आणते, म्हणून नंतर पाण्याने पुसणे आवश्यक असते. अल्कोहोल मोठ्या सांडणीवर उपयोगी नाही. ते लवकर उडून जाते व ज्वलनशीलही असते. अपकेंद्रित्रात, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये, नळी फुटल्याचा आवाज आला तर यंत्र बंद करून झाकण ३० मिनिटे उघडू नये, कारण आत तयार झालेले सूक्ष्म तुषार खाली बसण्यास वेळ लागतो.

सुई टोचल्यास

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. ती दाबून रक्त काढू नये व बोट तोंडात घालू नये. घटना लगेच वरिष्ठांना कळवावी. एचआयव्हीचा संशय असल्यास प्रतिबंधक औषधोपचार शक्यतो २ तासांत, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावे लागतात. हिपॅटायटिस-बीचा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी अधिक असतो: लस न घेतलेल्या व्यक्तीस संसर्ग होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के सांगितली जाते, तर एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के असते. प्रशिक्षणार्थी बऱ्याचदा लाजेपोटी घटना लपवितात आणि औषधाची वेळ टळून जाते. सुई टोचण्यासारख्या अपघातांची नोंद प्रयोगशाळेच्या नोंदवहीत दिनांक, वेळ, नमुन्याचा स्रोत व केलेले उपाय यांसह होते, आणि नियमांनुसार वार्षिक अहवालातून ती विहित प्राधिकरणास, महाराष्ट्रात राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळास, कळविण्याची तरतूद आहे.