डावा जॉय-कॉन आणि फिशटँक

३ मार्च २०१७ ला निन्टेन्डोचा स्विच बाजारात आला आणि त्याच दिवशी त्यावर झेल्डा मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेमही आला. लोक रात्रभर खेळत बसले. आणि लगेच एक विचित्र तक्रार सुरू झाली. गेमचा नायक लिंक डोंगराच्या कड्याकडे धावतोय, तुम्ही काठी सोडलीत, तरी हा पठ्ठ्या धावतोच आहे! सरळ दरीत. कधी कधी तर खेळ थांबून पडद्यावर कंट्रोलर पुन्हा जोडायची सूचना यायची. काही परीक्षकांनी बाजारात येण्याआधीच हे लिहून ठेवलं होतं.

गंमत म्हणजे स्विचला दोन कंट्रोलर असतात, डावा आणि उजवा, त्यांना जॉय-कॉन म्हणतात. आणि तक्रार जवळजवळ सगळी डाव्याची होती. ही बाब लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट याच्यावरच उभी आहे.

पण आधी थोडं मागे जाऊ. कारण 'मध्येच कंट्रोलर तुटला' ही तक्रार वायर गेली तेव्हापासूनची आहे. फक्त दर पिढीत तिचं कारण ओळखणं जास्त जास्त अवघड होत गेलं.

अटारीनं १९८३ मध्ये आपल्या २६०० साठी रेडिओवर चालणाऱ्या जॉयस्टिक काढल्या. प्रत्येकीच्या बुडाशी भलामोठा डबा आणि त्यात ९ व्होल्टची बॅटरी. १९८९ मध्ये निन्टेन्डोनं एनइएस सॅटेलाइट काढला. तो चार कंट्रोलर जोडायचा आणि टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालायचा. म्हणजे मध्ये कोणी उभं राहिलं की खेळ तुटला. त्रास होता, पण निदान सोपं होतं. समोर उभ्या असलेल्या माणसाला "बाजूला हो" म्हणायचं, झालं काम.

मग २००२ मध्ये गेमक्यूबसाठी वेव्हबर्ड आला. दोन पेन्सिल सेल, २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ, त्यामुळे मध्ये माणूस आला तरी चालायचं. यात पेअरिंग वगैरे काही भानगडच नव्हती. कंट्रोलरवर एक चाक आणि रिसीव्हरवर एक चाक, दोन्हींवर १ ते १६ आकडे. दोन्हीकडे सारखा आकडा लावा की जोडणी झाली. गडबड वाटली तर आकडा बदला. मला हे डिझाइन फार आवडतं. कारण सगळी अवस्था डोळ्यांना दिसते. जोडणी कुठली आहे हे विचारायला कुठल्याही मेनूत जावं लागत नाही.

२००५-०६ च्या कन्सोल्सपासून वायरलेस हाच नेहमीचा कंट्रोलर झाला. एक्सबॉक्स ३६० नं स्वतःचा रेडिओ ठेवला, प्लेस्टेशन ३ आणि वी या दोघांनी ब्लूटूथ घेतलं. आणि चाक गेलं, त्याच्या जागी पेअरिंग आलं. म्हणजे कंट्रोलर आणि कन्सोल एकमेकांचा पत्ता आपापल्या मेमरीत लिहून ठेवतात. प्लेस्टेशन ३ ला त्यासाठी एकदा यूएसबी केबल लावावी लागायची. वी रिमोटला बॅटरीच्या झाकणाखालचं लाल बटण दाबायला लागायचं.

ब्लूटूथ एका जागी बसत नाही. १ मेगाहर्ट्झ रुंदीचे ७९ कप्पे, आणि सेकंदाला १६०० वेळा कप्पा बदलायचा. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून ते गजबजलेले कप्पे ओळखून टाळतंही. म्हणजे वेव्हबर्डचं चाक आता कोणीतरी आतून, आपल्याला न विचारता, फिरवतंय असं समजा. चांगलंच आहे ते! पण त्याची किंमत अशी की जोडणी बिघडली तर बाहेरून काहीच दिसत नाही. बॅटरी संपली, गोंगाट वाढला, पेअरिंग गेलं, सगळ्यांचं लक्षण एकच. आणि मग आपण काय करतो? तिन्ही उपाय एकदम करतो आणि चाललं की देवाचे आभार मानतो.

आता परत २०१७ ला येऊ.

निन्टेन्डोच्या मदतपानावर तेव्हा सल्ला होता की कन्सोल टीव्हीच्या मागे ठेवू नका, धातूच्या वस्तूखाली ठेवू नका, वायरींच्या गुंत्यात नको, दुसऱ्या वायरलेस उपकरणापासून तीन-चार फूट लांब असू द्या, आणि फिशटँकजवळ ठेवू नका. फिशटँकवरून बरेच विनोद झाले. पण सल्ला शास्त्राला धरून होता. पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच शोषतं. खेळणारा आणि कन्सोल यांच्या मध्ये फिशटँक म्हणजे पाण्याची भिंतच. यादीत यूएसबी ३.० च्या वस्तूही होत्या, आणि तेही बरोबर. यूएसबी ३.० ची केबल आणि सॉकेट नेमक्या याच पट्ट्यात रेडिओगोंगाट सोडतात हे इंटेलनं २०१२ मध्येच लिहून ठेवलं होतं.

म्हणजे सल्ला चुकीचा नव्हता. पण त्याचा सूर असा होता की दोष तुमच्या घरात आहे. नवीन कन्सोल घेतलेला माणूस राउटर हलवतोय, हार्डडिस्क काढतोय, सोफा पुढे ओढतोय... आणि लिंक दरीतच पडतोय.

ज्यांनी शांतपणे तपासलं त्यांच्या हातात मात्र एक जबरदस्त गोष्ट होती. आपण प्रोग्रॅममधला बग शोधताना चालणारी आणि न चालणारी अशा दोन आवृत्त्या शेजारी ठेवतो ना? इथे त्या दोन्ही खोक्यातच मिळाल्या होत्या. डाव्या आणि उजव्या जॉय-कॉनला सारखीच ५२५ मिलिअँपिअर-तासांची बॅटरी, सारखंच ब्लूटूथ, तोच कन्सोल, तीच खोली. मग एकेक संशयित सोडवत जाऊ.

बॅटरी? ही बॅटरी एका चार्जवर साधारण २० तास चालते. बॅटरीमुळे तुटत असेल तर ते काही तास खेळल्यावर तुटेल आणि चार्ज केल्यावर थांबेल. इथे कोरा, पूर्ण भरलेला डावा पाच मिनिटांत अडखळत होता. बॅटरी सुटली.

पेअरिंग? याची खूण अशी की पेअरिंग खरंच गेलं असेल तर कुठलंही बटण दाबून कंट्रोलर परत येत नाही, SYNC बटण दाबून किंवा कन्सोलच्या कडेला सरकवून नव्यानं ओळख करून द्यावी लागते. दुसऱ्या कन्सोलला जोडून आणला असेल तर हे हमखास होतं. पण मध्येच तुटून एका बटणानं परत येत असेल, तर पत्ता शाबूत आहे. कितीही वेळा पुन्हा पेअर केलंत तरी फरक पडणार नाही. दिवे नाचतात, आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, इतकंच. पेअरिंगही सुटलं.

खोलीतला गोंगाट? तो दोघांनाही त्रास देईल. उजवा त्याच सोफ्यावरून बिनतक्रार चालतोय म्हणजे नुसता गोंगाट हे उत्तर अपुरं आहे. आणखी एक चाचणी म्हणजे जॉय-कॉन कन्सोलला सरकवून हातात धरून खेळणे. तेव्हा ते रेडिओवर नाही, कडेच्या धातूच्या टाचांतून बोलतात. तिथे डावा उत्तम चालत असेल तर बटणं, काठी, सॉफ्टवेअर सगळं ठीक आहे. बिघाड रेडिओत आहे, आणि तो डाव्याच्याच रेडिओत आहे.

शेवटचा पुरावा सगळ्यात मजेदार होता. डाव्या जॉय-कॉनभोवती दुसरा तळहात गुंडाळला किंवा तो पाठीमागे धरला की जोडणी जवळजवळ हमखास तुटायची. उजवा त्याच परीक्षेत टिकायचा. माणसाच्या हातात मुख्यतः पाणीच असतं. म्हणजे मदतपानावरचा फिशटँक प्रत्येक घरात होता की हो! खेळणाऱ्याच्या मनगटाला जोडलेला. आणि हातात धरायच्या वस्तूनं हाताची सावली सहन करायलाच हवी, त्याला ग्राहक काय करणार?

ज्यांनी दोन्ही उघडून पाहिले त्यांना कारणही दिसलं. उजव्यात अँटेना वेगळा भाग म्हणून बसवला होता. डाव्यात ती सर्किट बोर्डावरच आखलेली तांब्याची रेघ होती, तीही काठीच्या धातूच्या भागाजवळ. एकानं तर तिथे छोटी वायर डकवून अँटेना लांबवली आणि त्याचा डावा सुधारला.

आणि डावाच जास्त का बोचायचा याला अजून एक कारण आहे. चालणं डाव्या काठीवर असतं. उडी मारायचं बटण एखाद्या वेळी हुकलं तर आपण ते आपल्या अंगठ्यावर ढकलतो. पण काठीची स्थिती सतत पाठवावी लागते. संदेश यायचे थांबले की कन्सोल काही काळ शेवटची स्थितीच खरी मानतो, आणि लिंक पळत राहतो. तुटल्याची सूचना त्यानंतर येते.

एका अमेरिकन पत्रकारानं आपला डावा जॉय-कॉन निन्टेन्डोकडे दुरुस्तीला पाठवला. परत आल्यावर तो नीट चालला, म्हणून त्यानं उघडून पाहिला. आत फक्त एक गोष्ट वाढली होती. कोपऱ्यात बोटाच्या नखाएवढा काळ्या फोमचा तुकडा. साधा नाही, वीजवाहक. असा फोम रेडिओगोंगाट अडवायला वापरतात.

मार्च संपायच्या आत निन्टेन्डोनं निवेदन काढलं. डिझाइनमध्ये दोष नाही, उत्पादनातल्या फरकामुळे थोड्याच डाव्या जॉय-कॉनमध्ये वायरलेसचा अडथळा येतो, कारखान्यात दुरुस्ती केली आहे आणि ज्यांना त्रास आहे त्यांनी पाठवून द्यावा, असा त्याचा आशय. 'डिझाइन' आणि 'उत्पादनातला फरक' यावर वाद घालता येईल. माझं मत असं की अँटेना इतकी काठावर पास होणारी असेल की कारखान्यातल्या छोट्या फरकानं ती नापास होते, तर ते डिझाइनचंच काम आहे. पण दोष कंट्रोलरच्या आत होता, सोफ्यात नाही, हे तरी मान्य झालं.

(जाता जाता, यानंतर गाजलेला 'ड्रिफ्ट' हा वेगळा आजार. त्यात काठीला हात न लावता नायक चालतो, आणि तो कन्सोलला जोडलेल्या अवस्थेतही चालतोच. तिथे फोमचा उपयोग नाही.)

तर मंडळी, उद्या रविवारी ऐन लढाईत कंट्रोलर गेला, तर तिन्ही उपाय एकदम करू नका. आधी एक बटण दाबा. परत आला तर पेअरिंगला हात लावू नका. मग बॅटरी भरून बघा. मग दोन फुटांवर बसून बघा, आणि शक्य असेल तर तोच खेळ तिथूनच दुसऱ्या कंट्रोलरनं खेळा. दोन्ही तुटले तर खोली तपासा, यूएसबी ३.० ची हार्डडिस्क पहिली. एकच तुटला तर तो पाठीमागे धरून बघा. तिथे मेला, तर सोफा हलवायची गरज नाही, दुकानाची पावती शोधा.