लिखित परिचयातून तीस सेकंदांचा बोलका परिचय

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील बहुतेकांकडे स्वतःचा एक लिहिलेला परिचय तयार असतो. तो कधी स्मरणिकेसाठी लिहिलेला असतो, कधी सत्कारासाठी, तर कधी बँकेच्या प्रकरणासोबत जोडण्यासाठी. आता नागपूर, इंदूर, भोपाळ येथील व्यावसायिक मेळाव्यांना आपली मंडळी जाऊ लागली आहेत. बीएनआयचे गट किंवा माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सुरू केलेला सॅटर्डे क्लब, अशा ठिकाणी प्रत्येकाला उभे राहून थोडक्यात स्वतःची ओळख करून द्यावी लागते. वेळ अर्धा ते एक मिनिट मिळतो. तेथे लिखित परिचय वाचून दाखवला तर तो चालत नाही. का चालत नाही आणि त्याचे काय करावे, हे एका नमुन्यावरून पाहू.

लिहिलेला परिचय

पुढील मजकूर नमुन्यासाठी तयार केला आहे.

"श्री. अमुक यांचा जन्म 1978 साली सौंसर तालुक्यातील शेतकरी कुटुंबात झाला. नागपूर येथे कृषी पदवी संपादन करून त्यांनी काही काळ खाजगी कंपनीत नोकरी केली. 2009 पासून ते वडिलोपार्जित 12 एकर संत्रा बागेचे व्यवस्थापन करीत असून 2016 मध्ये त्यांनी पांढुर्णा, जिल्हा छिंदवाडा येथे संत्रा ग्रेडिंग व पॅकिंग युनिट स्थापन केले. सध्या परिसरातील 40 शेतकऱ्यांचा माल ते विविध बाजारपेठांत पाठवीत असून सामाजिक कार्यातही त्यांचा सक्रिय सहभाग असतो."

कागदावर यात काही चूक नाही, फक्त जिल्हा जुना आहे. 2023 मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तालुकाही त्यात आला. जुन्या परिचयांत हा बदल अनेकदा राहून जातो.

अडचण ऐकताना येते. वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. हा माणूस काय करतो, हे चौथ्या वाक्यात कळते. तोवर जन्म, पदवी आणि नोकरी यांतच निम्मा वेळ गेलेला असतो. शिवाय त्याला मेळाव्यातून काय हवे आहे, हे कुठेच आलेले नाही.

जन्मापासून सुरुवात करण्याची सवय आपल्याला वधू-वर परिचय मेळाव्यांतून लागली आहे. तेथे घर, शिक्षण, नोकरी हा क्रम योग्यच आहे, कारण समोरची मंडळी तेच जुळवून पाहत असतात. व्यावसायिक मेळाव्यात ऐकणारा वेगळा विचार करतो: याचे माझ्याकडे काय काम, आणि मी याला कोणाकडे पाठवू?

काय ठेवावे, काय गाळावे

म्हणून प्रथम शेवटचे वाक्य ठरवावे. या मेळाव्यात मला कोण भेटायला हवे, हे एका वाक्यात लिहावे. "सहकार्य अपेक्षित आहे" म्हटल्याने कोणाचेच नाव आठवत नाही. "नागपुरात फळांची मोठी दुकाने चालवणारे कोणी" म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादा माणूस येतो.

मग लिखित परिचयातील प्रत्येक गोष्ट त्या वाक्याला लावून पाहावी. दुकानदाराला जन्मसालाचा उपयोग नाही. पदवी, नोकरी आणि सामाजिक कार्यही येथे गळते. 12 एकर बाग स्वतःची आहे हे चांगले, पण दुकानदाराला पुरेसा माल मिळेल का, हे 40 शेतकऱ्यांच्या आकड्यावरून कळते. म्हणून तो एकच आकडा ठेवावा. तीस सेकंदांत दोन-तीन आकडे सांगितले तर ऐकणाऱ्याच्या मनात त्यांची सरमिसळ होते.

लेखी मराठीचे बोलणे करणे

"करीत असून", "येथे", "संपादन करून" ही कागदावरची भाषा आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. "असून" लावून दोन वाक्ये जोडली की ऐकणाऱ्याला अर्थ लागेपर्यंत थांबून राहावे लागते. जेथे "असून" दिसेल तेथे पूर्णविराम द्यावा, "ते" काढून "मी" घालावा आणि घरी बोलतो तसे क्रियापद वापरावे.

सावकाश, स्पष्ट बोलल्यास तीस सेकंदांत साधारण 55 ते 65 शब्द बसतात. वरील परिचय मग असा होतो:

"नमस्कार. मी अमुक, पांढुर्ण्याचा. आमच्याकडे संत्र्याच्या बागा आहेत. पण झाडावरचा सगळा माल एका आकाराचा नसतो, आणि दुकानदाराला तर एकसारखं फळ हवं असतं. मी चाळीस शेतकऱ्यांचा संत्रा आकारानुसार निवडतो, पेट्या भरतो आणि थेट दुकानापर्यंत पाठवतो. आता आंबिया बहराचा माल येतोय. नागपुरात फळांची मोठी दुकानं चालवणारं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर मला गाठ घालून द्या. मी अमुक, पांढुर्ण्याचा संत्रेवाला."

नाव-आडनाव धरूनही हे साठाच्या आत बसते. नाव दोनदा आले आहे, कारण सुरुवातीला लोक अजून खुर्चीत सावरत असतात आणि पहिले नाव निसटते.

इंदूर-भोपाळला बोलताना

तेथे हिंदीत बोलावे लागते, तेव्हा शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नये. नागपूरकराला पांढुर्णा ठाऊक असते. इतरत्र "नागपुर से बैतूल के रास्ते पर" इतके जोडावे. आंबिया बहर हा शब्द संत्र्याच्या पट्ट्याबाहेर कोणाला कळत नाही, तेथे "नवंबर-दिसंबर का माल" म्हणावे. नागपूरच्या दुकानांऐवजी त्या शहरातील खरेदीदार मागावा. हिंदी मजकूर पुन्हा घड्याळ लावून मोजावा, कारण वेळ बदललेला असतो.

जमले की नाही, कसे ओळखावे

आपल्या धंद्याशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीला हे एकदाच ऐकवावे. मग दोन प्रश्न विचारावे: मी काय करतो, आणि मला कोण हवे आहे? पहिल्याचे उत्तर "संत्र्याचे काहीतरी" असे आले, तर मधले वाक्य सैल आहे. दुसऱ्याचे उत्तर आलेच नाही, तर मागणी मोघम आहे.

वेळ जास्त लागत असेल तर भरभर बोलू नये, एक वाक्य काढावे. या नमुन्यात "आमच्याकडे संत्र्याच्या बागा आहेत" हे प्रथम काढता येईल, मागणीचे वाक्य मात्र कधीच नाही. घंटा वाजल्यावर अर्धवट राहते ते बहुधा शेवटचे वाक्यच असते, म्हणून घरी सराव पंचवीस सेकंदांचा करावा.

या अर्ध्या मिनिटात सौदा ठरत नाही. चहाच्या वेळी एखादा माणूस जवळ येऊन "तुमचा माल कधीपासून मिळेल?" असे विचारतो, इतकेच यातून साधायचे असते. भाव, मालाची प्रत आणि उधारीच्या अटी यांचे बोलणे तेव्हा करावे. मूळ लिखित परिचयही जिल्ह्याचे नाव दुरुस्त करून जपून ठेवावा. सत्काराच्या वेळी सूत्रसंचालकाला तोच लागेल.