रेपो दर उतरला, बुलढाण्याची तिजोरी मात्र बंदच राहिली

१७ एप्रिल २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेआठ टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर आणला. तीन वर्षांतली ही पहिलीच कपात होती आणि तीही एकदम अर्ध्या टक्क्याची. त्याच उन्हाळ्यात, खरिपाच्या तोंडावर, त्याच रिझर्व्ह बँकेने बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला नव्या ठेवी स्वीकारण्यास मनाई केली. नागपूर आणि वर्धा या जिल्हा बँकांवरही तीच वेळ आली. एका हाताने पैसा स्वस्त करायचा आणि दुसऱ्या हाताने कर्जाचे दार लावायचे, हा विरोधाभास वरवरचा आहे की खरा, हे समजण्यासाठी या बँकेचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

सहकारी बँकांना बँकिंग नियमन कायदा लागू झाला तो १ मार्च १९६६ पासून. ज्या बँका त्याआधीच चालू होत्या त्यांनी परवान्यासाठी अर्ज करायचा आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत कामकाज चालू ठेवायचे, अशी मुभा कायद्याने दिली. निकाल लवकर लागावा अशी घाई कोणालाच नव्हती. परिणामी देशातील अनेक जिल्हा बँका चार दशके विनापरवाना, पण पूर्ण कायदेशीररीत्या चालत राहिल्या. भांडवलाची अटही त्या काळाला साजेशी होती. भरणा झालेले भांडवल आणि राखीव निधी मिळून त्यांचे खरे मूल्य एक लाख रुपयांपेक्षा कमी नसावे, एवढेच कायदा मागत होता. बँकेने शंभर कोटींची कर्जे दिली असोत की हजार कोटींची, अट तीच.

भांडवल कर्जाच्या प्रमाणात असले पाहिजे ही कल्पना बाहेरून आली. १९८८ च्या बासेल कराराने आंतरराष्ट्रीय बँकांसाठी जोखीमभारित मालमत्तेच्या आठ टक्के भांडवल ठरवले. भारताने १९९२ पासून व्यापारी बँकांना हा नियम टप्प्याटप्प्याने लावला. जिल्हा बँका मात्र बराच काळ या चौकटीबाहेर राहिल्या. २००९ मध्ये राकेश मोहन यांच्या समितीने शिफारस केली, की २०१२ नंतर एकही सहकारी बँक विनापरवाना राहू नये. रिझर्व्ह बँकेने परवान्याची अट सौम्य केली आणि भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण किमान चार टक्के ठेवले. व्यापारी बँकांना तेव्हा नऊ टक्के लागत होते. चार टक्के म्हणजे फार मोठी मागणी नव्हे. तरीही बुलढाण्याची बँक ती गाठू शकली नाही.

येथे ‘भांडवल’ या शब्दाचा नेमका अर्थ ध्यानात घ्यायला हवा, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. भांडवल म्हणजे तिजोरीत बाजूला ठेवलेली रोकड नव्हे. बँकेच्या मालमत्तेतून ठेवीदारांचे आणि इतरांचे देणे वजा केल्यावर जे उरते, ते भांडवल. भागधारकांचा पैसा आणि साठवलेला नफा त्यात येतो. कर्ज बुडीत निघाले, की त्यापोटी तरतूद करावी लागते आणि ती तरतूद या उरलेल्या रकमेतून जाते. म्हणून वर्षानुवर्षे थकबाकी साचलेल्या बँकेचे भांडवल कागदावर एकाएकी नाहीसे झाल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते फार आधीच गेलेले असते. हिशेब तेवढा उशिरा होतो.

आता एक कल्पित जिल्हा बँक घेऊ. तिची जोखीमभारित मालमत्ता, म्हणजे सोयीसाठी सगळी कर्जेच समजू, ९०० कोटींची आहे आणि भांडवल ३६ कोटींचे. प्रमाण बरोबर चार टक्के. नियम सात टक्क्यांवर गेला, की याच कर्जांसाठी ६३ कोटी भांडवल लागते. २७ कोटी कमी पडतात. नऊ टक्क्यांवर गेला, की ८१ कोटी लागतात. भागभांडवल कोणी देत नसेल तर दुसरा मार्ग कर्जे आकसण्याचा. ३६ कोटींवर नऊ टक्क्यांच्या नियमाने फक्त ४०० कोटींची कर्जे उभी राहतात.

अशा वेळी व्याजदर अर्ध्या टक्क्याने उतरला तर या बँकेला काय मिळते? ठेवी मुदतीच्या असतात, त्यामुळे सगळ्या ठेवींचा दर लगेच बदलत नाही. वर्षभरात ३०० कोटींच्या ठेवी नव्या, कमी दराने आल्या आणि कर्जावरील दर तसाच राहिला असे मानले, तर वर्षाला दीड कोटी वाचतात. सात टक्के गाठण्यासाठी लागणारे २७ कोटी या वेगाने जमायला अठरा वर्षे लागतील. तोवर वाचलेला प्रत्येक रुपया भोक बुजवण्यात जाणार, नव्या कर्जाच्या मागे उभा राहणार नाही. याउलट शेजारच्या बँकेकडे तेवढ्याच कर्जांवर १०८ कोटी भांडवल असेल, तर नऊ टक्क्यांच्या नियमातही तिला आणखी ३०० कोटी वाटण्याची जागा आहे. तीच दरकपात तिच्यासाठी खरोखरचे आमंत्रण ठरते.

म्हणजे व्याजदर हा पैशाच्या किमतीचा प्रश्न आहे आणि भांडवलाचा नियम मर्यादेचा. बँक मर्यादेला टेकलेली असेल तेव्हा किंमत उतरून उपयोग फारसा होत नाही. शिवाय नियम सर्व मालमत्तेला सारखा मोजत नाही. साध्या कर्जाला पूर्ण भांडवल लागते, सरकारी रोख्यांना पतजोखमीपोटी जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे भांडवलाची चणचण असलेली बँक हाती आलेला स्वस्त पैसा शेतकऱ्याला किंवा दुकानदाराला देण्याऐवजी रोख्यांत ठेवते. यात तिचा आळस नसतो, हिशेब असतो. बँकेचा ताळेबंद पाहणाऱ्याला ही खूण सहज दिसते: ठेवी वाढतात, गुंतवणूक वाढते, आणि कर्जाची रेघ जागच्या जागी राहते.

बुलढाण्याच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. जिल्हा बँकेचे मुख्य काम पीककर्जाचे. राज्य बँकेकडून जिल्हा बँक, जिल्हा बँकेकडून गावची सेवा सहकारी सोसायटी आणि सोसायटीकडून शेतकरी, अशी ही साखळी. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर २००६-०७ पासून केंद्राच्या व्याज सवलतीमुळे सात टक्के ठरलेला होता आणि २०११-१२ पासून वेळेवर फेडणाऱ्याला तो चार टक्के पडत होता. चिखलीच्या सोयाबीन उत्पादकाला किंवा मलकापूरच्या कापूस उत्पादकाला रेपो आठ असो की साडेआठ, व्याज तेवढेच. त्याच्यासाठी प्रश्न दराचा नव्हताच. जूनमध्ये बी-बियाण्याला कर्ज मिळते की नाही, एवढाच होता. आणि त्याचे उत्तर बँकेच्या भांडवलावर अवलंबून होते. नव्या ठेवी बंद, परवाना नाही, भांडवल रेषेखाली. अशा बँकेकडून कर्ज मिळाले नाही, तर शेतकऱ्याला राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा, पतसंस्था किंवा सावकार यांपैकी एक दार ठोठवावे लागते. पतसंस्थांना रिझर्व्ह बँकेचे हे भांडवली नियम लागू नाहीत, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे. नियम एका दाराशी कडक झाला, की कर्जाची मागणी कमी पाहारा असलेल्या दाराकडे वळते.

मात्र सगळा दोष नियमाच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. बुलढाण्याची बँक चार टक्क्यांच्या नियमाने आजारी पडली नाही. थकबाकीने पडली, नियमाने तो आजार उघड केला. नियम नसता तर ठेवीदारांच्या पैशावर आणखी काही हंगाम कर्जवाटप चालले असते आणि शेवटचा खड्डा अधिक खोल झाला असता. शिवाय ठेवींवरील बंदी हा साध्या भांडवली नियमापेक्षा फार कठोर उपाय आहे. म्हणून हे उदाहरण टोकाचे मानावे लागते. टोकाच्या उदाहरणात यंत्रणा स्पष्ट दिसते, तिचा सरासरी आकार दिसत नाही.

तो आकार किती, यावर अर्थशास्त्रज्ञांचा वाद जुना आहे. अमेरिकेत १९९० च्या मध्यापासून सप्टेंबर १९९२ पर्यंत फेडरल रिझर्व्हने अल्पमुदतीचा दर सुमारे आठ टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, तरी बँकांचे कर्जवाटप रेंगाळले. नेमका तोच काळ बासेलचे नवे प्रमाण गाठण्याचा होता. बेन बर्नान्के आणि कारा लाउन यांनी १९९१ मध्ये याचा अभ्यास केला. जमीन-इमारतींच्या कर्जांत भांडवल गमावलेल्या न्यू इंग्लंडच्या बँकांनी हात आखडल्याचे त्यांना दिसले; पण मंदीत कर्ज मागणारेच कमी झाले होते, हे कारणही त्यांनी मोठे मानले. तेच बर्नान्के पुढे फेडचे अध्यक्ष झाले आणि २००८ च्या संकटात दरकपातीबरोबर बँकांत भांडवल ओतण्याच्या बाजूने उभे राहिले.

भारतात हा प्रसंग पुढे अधिक मोठ्या पटावर घडला. जानेवारी २०१५ पासून ऑक्टोबर २०१६ पर्यंत रेपो आठवरून सव्वासहा टक्क्यांवर आला. याच कालखंडात जिल्हा बँकांचे किमान प्रमाण मार्च २०१५ साठी सात टक्के आणि मार्च २०१७ साठी नऊ टक्के ठरवलेले होते. व्यापारी बँकांवर बासेल-३ चे टप्पे चढत होते आणि २०१५ च्या मालमत्ता तपासणीने लपलेली थकीत कर्जे बाहेर काढून त्यांचे भांडवल खाल्ले होते. पुण्यात मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्र जून २०१७ मध्ये तातडीच्या सुधारणा कारवाईखाली आली आणि जानेवारी २०१९ मध्ये बाहेर पडली. मधल्या काळात दर उतरलेले होते, पण जिच्यावर असे निर्बंध आहेत त्या बँकेला ते कर्जात उतरवण्याची मोकळीक नव्हती.

दरकपातीला भांडवलाची साथ मिळण्याचा एक छोटा मार्ग आहे खरा: दर उतरले की जुन्या रोख्यांची किंमत वाढते आणि ते विकून बँकेला नफा होतो. पण तो एकदाच मिळतो, आणि थकबाकीचा डोंगर असेल तर तरतुदींतच विरतो.

बुलढाण्याची कोंडी फुटली ती दराने नव्हे. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील २३ विनापरवाना जिल्हा बँकांसाठी सुमारे २,३७५ कोटींची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. त्यांतल्या सोळा उत्तर प्रदेशातील होत्या, तीन महाराष्ट्रातील: नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. केंद्राचा वाटा सुमारे ६७३ कोटी होता. सर्वांत मोठा भार राज्यांनी उचलायचा होता आणि उरलेला नाबार्डने. पैसा भांडवल म्हणून ताळेबंदात आल्यावरच बुलढाण्याच्या बँकेला परवाना मिळण्याची वाट मोकळी झाली. २०१२ च्या एप्रिलपासून २०१३ च्या मेपर्यंत चार वेळा दर कमी करूनही जे साधले नव्हते, ते भागभांडवलाच्या खात्यातील एका नोंदीने साधले.