भोपाळच्या पाट्या आणि दोन शब्दांचा प्रश्न

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात काम व सुरक्षितता यांविषयीच्या सूचना इंग्रजीत लिहिलेल्या होत्या, आणि तेथील अनेक कामगारांना केवळ हिंदी येत होते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथिल आयसोसायनेट हा वायू गळून हजारो माणसे प्राणास मुकली, त्यानंतरच्या चौकशांत ही गोष्ट जगापुढे आली. अपघाताची कारणे अनेक होती आणि केवळ पाट्या बदलून तो टळला असता असे कोणी म्हणणार नाही. तथापि पाटीचे भाषांतर म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यावयाचे तर भोपाळइतके चांगले ठिकाण नाही.

या शहरावर भाषांचे थरावर थर चढले आहेत. बेगमांच्या आणि नबाबांच्या राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील पुष्कळ मराठी कर्मचारी तेथे गेले. जुन्या मध्य प्रदेशात १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. त्यामुळे ही मंडळी दोन्ही भाषांतून कागद रंगविण्यात तरबेज होती. पण पाटी हा कागद नव्हे. नागपूरकराची ‘शिक्षा’ म्हणजे दंड, तर भोपाळमध्ये तोच शब्द शाळेचा. आपला ‘धोका’ हिंदीत गेला की ‘धोखा’ होऊन फसवणुकीचा अर्थ धारण करतो. तेथे ‘ख़तरा’च हवा. ‘निषेध’ हा शब्द वाचून आपल्याला सभा आठवते, हिंदी वाचकाला मात्र बंद दरवाजा. लिपी एक असली म्हणजे अर्थही एक असेल, हा समज पाटीवर फार महाग पडतो.

आता त्या कारखान्याच्या भिंतीसाठी एक पाटी आपणच तयार करून पाहू. सांगावयाचे आहे ते असे : या द्रव्याची वाफ हवेपेक्षा सुमारे दुप्पट जड असते, ती जमिनीलगत वाऱ्याबरोबर पसरते, पाण्याशी तिची प्रक्रिया होते, म्हणून ओले फडके काहीसा आसरा देते, धावल्याने श्वास वाढतो आणि विष अधिक आत जाते. शब्दकोशाचा आधार घेणारा भाषांतरकार लिहील, ‘वाष्प का अंतःश्वसन हानिकारक है, रिसाव की स्थिति में वायु की दिशा से भिन्न दिशा में प्रस्थान करें.’ व्याकरण निर्दोष आहे. पण वाक्य संपेपर्यंत वाचणारा खोकू लागला असेल. भोपाळच्या बोलीत ते असे होईल : ‘गैस! मुँह पर गीला कपड़ा रखो. हवा से हटकर चलो.’

यात कारणे गाळली आहेत, ती मुद्दाम. कारण शिकविण्याची जागा प्रशिक्षणवर्ग. पाटीवर कृती तेवढी राहावी, आणि ती करावयाच्या क्रमाने. ‘रखें’ऐवजी ‘रखो’ घेतले, कारण संकटात आदबीपेक्षा आज्ञा लवकर पोहोचते. उलट दवाखान्याच्या दारावर ‘रखो’ उर्मट वाटेल. मराठीतही ‘थुंकू नये’ हा उपदेश आहे, आणि ‘थांबा’ हा हुकूम.

‘दौड़ो मत’ मात्र मी लिहिले नाही. रंगारी विरामचिन्हे सहसा गाळतो, आणि ‘मत’ हा शब्द मागच्या क्रियापदाला चिकटवावा की पुढच्या, हे त्यावाचून कळत नाही. ‘रोको मत जाने दो’ हे हिंदी शाळांतील जुने उदाहरण प्रसिद्धच आहे : एका स्वल्पविरामाने माणूस सुटतो किंवा अडकतो. काय करू नये याऐवजी काय करावे ते सांगितले की हा घोळच उरत नाही.

रंगाऱ्याच्या कामातही एक खाच असते. इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेल्या पट्टीत देवनागरी घातली की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार आपला वाटा मागतात, मूळ अक्षर बारीक होते आणि दुरून केवळ शिरोरेषा दिसते. म्हणून देवनागरीची ओळ अधिक उंच आखावी लागते. पाटी उतरली की नाही हे तपासावयाचे, तर ज्याने ती पूर्वी पाहिली नाही अशा कामगाराला चार पावले दूर उभे करावे आणि ‘अर्थ सांग’ असे न विचारता ‘आता तू काय करशील?’ असे विचारावे. तो थबकला तर पाटी फसली.

अर्थात शब्दांची धाव मर्यादितच. १९८१ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात साक्षर माणसे शंभरात सुमारे २८ होती. विजेच्या धोक्याच्या पाटीवर १९५६ च्या नियमांनी कवटी व हाडांचे चिन्ह सक्तीचे केले होते, ते याचसाठी. भोपाळच्या त्या रात्री झोपलेल्या वस्तीला कोणतीच पाटी दिसणार नव्हती. तिच्यासाठी भोंगा होता. तो थोडा वेळ वाजून बंद करण्यात आला, आणि त्याचा अर्थ काय हे वस्तीला कोणी आधी सांगितलेले नव्हते.

कायदा अगदीच मुका नव्हता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमानुसार सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, मुख्य दाराजवळ लावावयाच्या होत्या. परंतु हे बंधन कायद्याने लावावयास सांगितलेल्या सूचनांपुरतेच होते. यंत्राशेजारची, टाकीवरची पाटी त्यात येतेच असे नव्हते. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोक्याची माहिती कामगारांप्रमाणेच आसपासच्या रहिवाशांनाही देणे कारखानदारावर बंधनकारक झाले.