चित्र दिसतं, आवाज नाही

एकच एमकेव्ही फाईल टीव्हीवर बोलते, पण क्रोममध्ये चित्र हलतं आणि आवाज मुका. असं झालं की बहुधा तो आवाज एसी-३ मध्ये आहे असं समजावं.

एसी-३ चं माहेर चित्रपटगृह. १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बीने तो फिल्मच्या कडेच्या भोकांमधल्या जागेत छापला. पुढे तो डीव्हीडीत आणि तिथून टीव्हीत आला. पेटंट २०१७ मध्ये संपलं, तरी क्रोम आणि फायरफॉक्सने त्याला घरात घेतलं नाही.

ओपस २०१२ चा, इंटरनेटवरच्या बोलण्यासाठी घडलेला आणि मोफत. ब्राउझरला तो आवडतो, पण पेनड्राइव्हवरून लावला तर अनेक जुने टीव्ही त्याला ओळखत नाहीत.

एएसी १९९७ चा. ॲपलने २००३ पासून गाणी त्यातच विकली, म्हणून तो फोनमध्ये रुजला आणि टीव्ही-ब्राउझरलाही चालू लागला. सगळ्या नातेवाईकांना लग्नाची फिल्म पाठवायची तर हाच बरा. चित्र एच.२६४ असेल तर फक्त आवाज बदलावा:

```
ffmpeg -i lagna.mkv -c:v copy -c:a aac -ac 2 -b:a 192k lagna.mp4
```

`copy` मुळे चित्राला हात लागत नाही, म्हणून काम झटपट होतं. `-ac 2` मुळे सहा वाटांचा आवाज दोन वाटांत येतो. त्या सहा वाटा पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून मूळ फाईल जपून ठेवावी.