नियोजित सेवाबंदीची पूर्वसूचना

देखभालीसाठी सेवा ठरावीक वेळ बंद ठेवण्यापूर्वी ग्राहकांना दिलेली सूचना. बंदची वेळ, थांबणारी सुविधा आणि तोवरचा पर्याय या तीन गोष्टी तिच्यात असाव्या लागतात.

मे २०२१ मधील रिझर्व्ह बँकेची सूचना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तांत्रिक सुधारणेसाठी ‘एनईएफटी’ रविवार, २३ मे रोजी ००:०१ ते १४:०० बंद राहील, ‘आरटीजीएस’ मात्र नेहमीप्रमाणे चालू राहील, असे तिच्यात म्हटले होते. ग्राहकांना कळवण्याचे काम सदस्य बँकांकडे सोपवले होते. ‘एनईएफटी’ डिसेंबर २०१९ पासून अहोरात्र चालत असल्याने रविवारची बंदीही सांगणे भाग होते. ००:०१ ही नोंद विशेष उपयुक्त आहे. ‘शनिवारी रात्री बारा’ म्हटले की शनिवार सुरू होतानाचे बारा की संपतानाचे, हा घोळ होतो.

पर्यायाची मर्यादा सांगणे तितकेच आवश्यक असते. भिवंडीजवळच्या वळ येथील एखाद्या गोदामचालकाला त्या सकाळी ट्रकभाड्याचे ४०,००० रुपये पाठवायचे आहेत, असे समजू. ‘आरटीजीएस’ची किमान रक्कम दोन लाख, म्हणून तो मार्ग त्याच्या कामाचा नाही. त्याने ‘आयएमपीएस’ वापरावे, किंवा शनिवारीच पैसे पाठवावेत. बँकेने ग्राहकाला पाठवलेल्या संदेशात हे वाक्य नसेल, तर तो दुपारी दोनपर्यंत खोळंबतो आणि चौकशीचे फोन वाढतात.